आठ लाखांची गाडी पाच वर्षांत चार लाखांवर आली, तर मधल्या वर्षांत किती उतरली?

मंडळी, गाडीचा घसारा म्हटला की बहुतेक जण दोन टोकं बघतात: घेतली केवढ्याला आणि विकली केवढ्याला. आठ लाखांची कार पाच वर्षांनी चार लाखांना गेली, म्हणजे चार लाख उतरले. भागिले पाच, वर्षाला ऐंशी हजार. हा हिशेब चूक नाही, पण गाडी दर वर्षी सारखीच उतरली असं त्यात आधीच गृहीत धरलंय. याला वाणिज्याच्या पुस्तकात सरळ रेषा पद्धत म्हणतात.

दुसरी पद्धत म्हणते, घट दर वर्षी उरलेल्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांनी होते. मग आपल्या कारचा टक्का कोणता? इथे बरेच जण घसरतात. पाच वर्षांत पन्नास टक्के उतरली, म्हणजे वर्षाला दहा टक्के, असं चटकन तोंडात येतं. करून बघा. दहा टक्के घट म्हणजे दर वर्षी ०.९ ने गुणायचं. पाचदा गुणलं की ०.५९ येतं. म्हणजे गाडी अजून पावणेपाच लाखांची आहे, चार लाखांची नाही. आपल्याला असा गुणक हवा, ज्याने किंमत पाचदा गुणली की ती निम्मी होईल. तो ०.८७०६ येतो. म्हणजे घसाऱ्याचा दर वर्षाला १२.९४ टक्के.

आता दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करू. सरळ रेषेची किंमत वर्षाअखेर ७.२०, ६.४०, ५.६०, ४.८० आणि ४.०० लाख. टक्केवारीची ६.९६, ६.०६, ५.२८, ४.५९ आणि ४.०० लाख. दोघी निघाल्या एका जागेवरून, पोचल्या एकाच जागी; मधे मात्र टक्केवारीची गाडी सतत खाली आहे.

तफावत कुठे सर्वांत मोठी? दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, सुमारे चौतीस हजार. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. टक्केवारीत पहिल्या वर्षी जवळपास १,०३,५०० रुपये उतरतात, दुसऱ्या वर्षी नव्वद हजार. दोन्ही ऐंशी हजारांहून जास्त, म्हणून अंतर वाढत जातं. तिसऱ्या वर्षी साधारण साडेअठ्ठ्याहत्तर हजारच उतरतात, मग अंतर मिटू लागतं. म्हणजे वर्षाची घट ज्या टप्प्यावर सारखी होते, तिथेच किमतीतलं अंतर सर्वाधिक असतं. दोन वर्षांनी गाडी विकायची म्हणून ६.४० लाख धरून बसलेल्या माणसाला म्हणूनच धक्का बसतो. पाच वर्षं वापरणाऱ्याला दोन्ही पद्धती सारख्याच.

पाच वर्षांनंतर पारडं फिरतं. दहाव्या वर्षी सरळ रेषेची गाडी शून्यावर येते, त्यापुढे उणे. टक्केवारीची अजून दोन लाखांची असते आणि कधीच शून्य होत नाही.

कायदाही दोन्ही पद्धती वापरतो. धंद्यात वापरलेल्या कारसाठी आयकराचा साधारण दर १५ टक्के, तोही उरलेल्या किमतीवर: आठ लाखांवर पहिल्या वर्षी १,२०,०००, दुसऱ्या वर्षी १,०२,०००. विम्यातली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी ठरवलेली किंमत, वेगळी चालते. तिच्या ठरलेल्या तक्त्यात एक वर्ष ओलांडलं की २० टक्के कपात, मग दर वर्षी आणखी दहा, पाच वर्षांपर्यंत ५०; आणि हे टक्के दर वेळी कंपनीने जाहीर केलेल्या पूर्ण विक्री किमतीचे, उरलेल्या किमतीचे नाहीत. नाव टक्क्याचं असलं तरी चाल सरळ रेषेची. टक्का ऐकला की ‘कशाचा?’ हे विचारायलाच हवं.

बाजारात कोणती पद्धत चालते हे ताडून बघायचं असेल, तर एकाच मॉडेलच्या, जवळपास सारख्या चाललेल्या गाड्यांच्या किमती वयाप्रमाणे मांडा. लगतच्या किमतींची वजाबाकी सारखी आली तर सरळ रेषा, भागाकार सारखा आला तर टक्केवारी. समजा नवी ८, मग ६.६, ५.८, ५.१ लाख अशा किमती मिळाल्या. वजाबाक्या १.४, ०.८, ०.७, काही जुळत नाही. भागाकार ०.८२५, ०.८७९, ०.८७९. पहिली पायरी वेगळी आहे, कारण नव्या गाडीची एका मालकाच्या हाताखालून गेल्यावर वापरलेली गाडी होते. ती पायरी बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षापासून बारा टक्के धरा. सगळ्यांची सरसकट सरासरी काढली, तर पहिलं वर्ष पुढच्या प्रत्येक वर्षाला बिघडवेल.

शेपटाकडेही हा नियम टिकत नाही. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासणी आणि फेरनोंदणीचा खर्च येतो. ती मुदत जवळ आली की गिऱ्हाईक हा खर्च वजा करूनच बोली लावतो, आणि अगदी जुनी गाडी तर मोडीच्या भावाने जाते. तिथे ना टक्का चालतो, ना सरळ रेषा.