कानातली फिरकी आणि बोटावरचा हिरवा डाग

श्रोतेहो, नमस्कार.

आखाजी जवळ आली की खान्देशातल्या सराफ्यात आणि आठवडे बाजारातल्या मण्यामुलाम्याच्या दुकानांत सारखीच गर्दी होते. माहेरी आलेल्या लेकीबाळींच्या कानांत, नाकांत आणि बोटांत नवे दागिने चढतात, आणि बाहेर वैशाखाचे ऊन असे असते की सावलीत बसूनही घाम निथळतो. दोन-तीन दिवसांनी एखादीचा कान खाजू लागतो, एखादीचे बोट हिरवे पडते. या दोन्ही गोष्टींना आपल्याकडे सरसकट "सोनं बाधलं" किंवा "धातू खोटा निघाला" असे म्हटले जाते. या दोन तक्रारी मुळातच वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या कशा हे मला आमच्या गल्लीतल्या एका घटनेवरून सांगायचे आहे. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असताना ही हकीकत मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे, आणि आज ती आपल्यालाही सांगतो.

आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला माहेरी आली. तिच्या कानांत सासरकडून मिळालेले सोन्याचे टॉप्स होते. आल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिची उजवी पाळी लाल झाली, तिच्यावर मोहरीएवढे बारीक फोड आले, ते फुटून पाणी वाहू लागले आणि खाज तर अशी, की रात्री झोप लागेना. डावा कान मात्र ठणठणीत होता. घरातल्या आजींनी टॉप हातात घेऊन निकाल दिला, "आवं माय, हाई सोनं खोटं शे." झाले! सासरच्यांनी खोटे सोने घातले, की सराफाने त्यांनाच फसवले, यावर घरात दोन तट पडले. मधल्या मध्ये वांगी आणि आमरस तिच्या ताटातून बंद झाले. आपल्याकडे अंगावर काहीही उठले की पहिला दोष वांग्याच्या माथी येतो. जळगावच्या भरिताच्या वांग्यावर हा अन्याय मी आयुष्यभर पाहत आलो आहे.

त्याच घरातल्या सूनबाईंची तक्रार निराळी होती. ज्योतिषाने सांगितले म्हणून त्यांनी तांब्याची अंगठी घातली होती आणि बोटाभोवती हिरवे कडे उमटले होते. खाज नाही, पुरळ नाही, नुसता रंग. पण घाबरल्या होत्या त्याच जास्त. "काका, हे विष तर नाही ना अंगात गेलं?" असे त्यांनी मला विचारले. मी त्यांना बोट साबणाने नीट चोळून धुवायला सांगितले. डाग बराचसा निघून गेला. घामात मीठ असते आणि थोडी आम्लेही असतात. ती आणि हवा मिळून तांब्याच्या पृष्ठभागावर हिरवट क्षार तयार करतात, आणि ते कातडीला चिकटतात. हीच गोष्ट पितळेची, कारण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. हा रंग म्हणजे विषबाधा नव्हे आणि ॲलर्जीही नव्हे. पुन्हा सांगतो, नुसता हिरवा रंग असेल, खाज नसेल आणि धुतल्यावर तो जात असेल, तर ते तांबे आहे आणि ते निरुपद्रवी आहे.

आता मुलीच्या कानाकडे वळू. मी तिला एकच प्रश्न विचारला, की पुरळ पाळीच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या? तिने आरसा धरून पाहिले. पुढे, म्हणजे जिथे टॉपचे फूल टेकते तिथे, थोडी लाली होती. फोड आणि ओल सगळी मागे, फिरकीखाली. तेव्हा मी विचारले, की ही फिरकी टॉपबरोबरचीच आहे का? थोड्या घोटाळ्यानंतर उलगडा झाला. येताना गाडीत उजव्या कानाची सोन्याची फिरकी पडून हरवली होती, सासरी बोलणी बसतील म्हणून तिने कुणाला सांगितले नव्हते, आणि बसस्थानकाजवळच्या दुकानातून एक पिवळी फिरकी घेऊन बसवली होती. आटे जुळले, म्हणून विषय तिथेच संपला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेलो. माझा संशय निकेल या धातूवर होता, कारण दागिन्यांमुळे अशी खाज आणि पुरळ बहुधा त्याच्याच ॲलर्जीने येते. निकेल ओळखण्यासाठी डायमिथिलग्लायॉक्झीम नावाचे एक रसायन वापरतात. नाव लांब आहे, पण परीक्षा अगदी सोपी आहे. कापसाच्या बोळ्यावर त्याच्या मद्यार्कातल्या द्रावणाचे दोन थेंब आणि सौम्य अमोनियाचे दोन थेंब घ्यायचे आणि तो बोळा धातूवर अर्धा मिनिट घासायचा. धातूतून निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. ही परीक्षा काढून ठेवलेल्या दागिन्यावर करायची असते, कानातल्या दागिन्यावर नव्हे. आम्ही टॉपचे फूल घासले, कापूस पांढराच राहिला. टॉपची दांडी घासली, तरीही पांढराच. डाव्या कानाची मूळ फिरकी घासली, पांढराच. बाजारातली फिरकी घासली आणि कापूस डाळिंबाच्या दाण्यासारखा गुलाबी झाला. सूनबाईंची अंगठीही हौसेने तपासली. तिच्यावर गुलाबी छटा आली नाही, कारण तिच्यात निकेल नव्हते.

मुलगी हुशार होती. ती घरून शाळा-कॉलेजातल्या जुन्या कर्णफुलांची डबीही घेऊन आली होती. त्यातल्या एका जोडाची पुढची बाजू अजून चकाकत होती आणि दांडीवरचा पिवळा रंग उडून आत पांढुरका धातू दिसत होता. चकाकत्या बाजूवर कापूस पांढरा राहिला, दांडीवर लगेच गुलाबी झाला. दागिना एकच आणि उत्तरे दोन. स्वस्त दागिन्यांत पितळेवर बहुधा आधी निकेलचा थर देतात, कारण त्यामुळे चकाकी येते आणि पितळेतले तांबे वरच्या सोन्यात झिरपत नाही. त्यावर सोन्याचा मुलामा चढवतात. तो एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही, दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतका पातळ असू शकतो. दांडी रोज भोकातून आत-बाहेर होते, म्हणून मुलामा सर्वांत आधी तिथेच झिजतो, आणि नेमकी तिथलीच कातडी सर्वांत नाजूक असते.

या डबीने दुसऱ्याही एका प्रश्नाचे उत्तर दिले. फिरकी नवी असून त्रास दोन दिवसांत कसा झाला? निकेलची ॲलर्जी पहिल्याच दिवशी होत नाही. शरीर आधी त्या धातूला ओळखायला शिकते. त्याला कधी काही आठवडे लागतात, कधी वर्षे. एकदा ओळख झाली की ती सहसा आयुष्यभर पुसली जात नाही, आणि पुढे निकेल लागले की एक-दोन दिवसांत पुरळ उठते. ही ओळख बहुतेकींना कान टोचल्यानंतरच्या काळातच होते. मुलीची ती कॉलेजात झाली होती. लग्नानंतर अंगावर फक्त सोने होते म्हणून ती ॲलर्जी झोपून राहिली होती. तेव्हा टॉप निर्दोष होता, सासर निर्दोष होते, सराफही निर्दोष होता. सोनाराने त्याच आट्यांची सोन्याची फिरकी करून दिली, त्वचारोगतज्ज्ञांनी मलम दिले आणि पाळी हळूहळू कोरडी झाली. आजींनी मात्र आमरसाविषयीचे आपले मत शेवटपर्यंत बदलले नाही.

इथे मलमाबद्दल एक शब्द. औषधाच्या दुकानातून मिळणारी तीन-तीन औषधांची मिश्रणे लोक वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने लावतात. त्यांत बहुधा तीव्र स्टिरॉइड असते, ते कातडी पातळ करते आणि खरे कारण झाकते. हळद, चुना, टूथपेस्ट हेही ओल्या पुरळावर लावू नये. दागिना काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे. कान गरम असेल, दुखत असेल, पू येत असेल, तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि तिथे उशीर करू नये.

आता खरेदीविषयी. "हायपोअलर्जेनिक", म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी असलेले, असे पाकिटावर छापलेले असते, पण हे कोणत्याही एका धातूचे नाव नाही, आणि नुसत्या त्या शब्दावर मी तरी पैसे टाकणार नाही. दुकानदाराला विचारावे, की मुलाम्याखाली काय आहे? निकेल आहे का? बावीस कॅरटच्या पिवळ्या सोन्यात 1000 पैकी 916 भाग सोने असते आणि उरलेले मुख्यतः तांबे व चांदी, म्हणून ते सहसा सोसते. 916 च्या शिक्क्याजवळचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये घालून पाहता येतो. मात्र टॉपवरचा शिक्का नंतर आणलेल्या फिरकीबद्दल काहीही सांगत नाही. पांढऱ्या सोन्याविषयी सावध राहावे, कारण त्याला पांढरेपणा कधी पॅलेडियमने आणतात, तर कधी निकेलने. वरचा ऱ्होडियमचा मुलामा झिजला की ते कळते, आणि अंगठीवर तो लवकर झिजतो.

925 ची चांदी काळी पडते, पण तिच्यातली मिसळ बहुधा तांब्याची असल्यामुळे निकेलच्या ॲलर्जीला ती चालते. जर्मन सिल्व्हरमध्ये मात्र चांदी मुळीच नसते. ते तांबे, जस्त आणि भरपूर निकेल यांचे मिश्रण आहे. नवरात्रात मुली ऑक्सिडाइज्ड म्हणून जे मोठाले झुमके घालतात, त्यांतले काही याच धातूचे असतात. नुकतेच टोचलेल्या कानासाठी टायटॅनियम सर्वांत निर्धोक. 316 एल पोलादात निकेल असते, पण ते इतके घट्ट बांधलेले असते की फारच थोडे सुटते, त्यामुळे ते बहुतेकींना सोसते, सर्वांना नाही. युरोपातल्या नियमानेही धातूत निकेल किती आहे हे मोजत नाहीत, तर एका आठवड्यात दर चौरस सेंटिमीटरमागे किती सुटते हे मोजतात, आणि टोचलेल्या भोकातल्या दांडीसाठी ती मर्यादा 0.2 मायक्रोग्रॅम आहे. लोहचुंबकाने ही परीक्षा होत नाही. जर्मन सिल्व्हर चुंबकाला चिकटतही नाही.

आवडीचा मुलाम्याचा झुमका टाकून द्यायची गरज नाही. सोनाराकडून त्याची दांडी आणि फिरकी तेवढी सोन्याची किंवा चांदीची करून घ्यावी. दांडीला रंगहीन नेलपॉलिश लावण्याचा उपाय काही दिवस चालतो, घामाच्या दिवसांत त्याहूनही कमी. आणि खऱ्या सोन्याच्या अंगठीखाली कातडी सोलत असेल तर आधी भांड्यांच्या साबणाकडे पाहावे. साबणाचे पाणी अंगठीखाली अडकून राहते. काम करताना अंगठी काढून, नंतर बोट कोरडे केल्यावर ती परत घातली की बऱ्याच वेळा एवढ्यानेच भागते.

तरीही शंका राहिली तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निकेलच्या क्षाराची पट्टी लावून चाचणी करतात. ती पट्टी 48 तास भिजू द्यायची नसते आणि त्यानंतर आणखी एक-दोन दिवसांनी पाठ पुन्हा तपासतात. आपल्याकडच्या वैशाखात घामाने ती पट्टी सुटून येते, म्हणून तातडी नसेल तर ही चाचणी दिवाळीनंतरच्या थंडीत करून घ्यावी, आणि तोवर कानात फक्त खात्रीचीच दांडी व फिरकी ठेवावी. नमस्कार.