पोरीनं फोन कापला, ते बरोबरच केलं

(सांगलीतल्या एका पालकसभेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. माझं मोबाइलचं दुकान आहे. जूनमध्ये शाळा उघडल्या की पालक येतात, "पोरीसाठी एक फोन बघा" म्हणतात, रंग आणि कॅमेरा बघण्यात अर्धा तास घालवतात आणि सिम टाकलं की निघतात. फोन आईबाबांना लावण्यापुरता आहे, असं सगळेच सांगतात. पण त्या फोनवर कोणीही फोन करू शकतं, याचा विचार फार थोडे करतात. आज मी तेवढ्याच गोष्टीवर बोलणार आहे.

एक घर डोळ्यांसमोर ठेवू. आई नर्स आहे, बाबांचा टेम्पो आहे, मुलगी पाचवीत. व्हॅन तिला दीडला घराशी सोडते, आणि आई येते साडेतीनला. मधले दोन तास मुलगी आणि तो फोन. या घरासाठी आम्ही दुकानात बसून यादी केली. सुरुवातीला अठरा नावं निघाली. काका, आत्या, ट्यूशनच्या बाई, वर्गातल्या चार मैत्रिणी. मग मी एकच प्रश्न विचारला: दुपारी दोन वाजता या माणसाला फोन लावला तर तो उचलेल का, आणि पंधरा मिनिटांत काही करू शकेल का? उरली सहा नावं. आई, बाबा, खालच्या मजल्यावरच्या काकू, गावातच राहणारी मावशी, व्हॅनवाले काका आणि आईच्या वॉर्डातला फोन. पुण्याची आत्या गळली. तिला वाईट वाटलं असेल, पण आत्या संध्याकाळी आईच्या फोनवर बोलू शकते. शाळेचा नंबरही आम्ही घेतला नाही, कारण शाळेला काही सांगायचं असेल तर ती पालकांना फोन करते, मुलीला नाही. या सहांशिवाय 112 आणि 1098, म्हणजे पोलिसांची मदत आणि मुलांची हेल्पलाइन.

आता फोनमधली गोष्ट. इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो. अँड्रॉइडच्या फोन अ‍ॅपमध्ये Blocked numbers खाली Unknown असं एक बटण असतं. पालक ते चालू करतात आणि आता अनोळखी फोन बंद झाले, असं समजतात. ते तसं नाही. ते बटण फक्त नंबर लपवून येणारे फोन अडवतं. ज्याचा नंबर स्क्रीनवर नीट दिसतो पण तुमच्या यादीत नाही, तो फोन खुशाल वाजतो. आणि अनोळखी माणूस बहुतेक वेळा साध्या दहा आकडी नंबरावरूनच फोन करतो.

आपल्याला हवं ते Do Not Disturb मध्ये मिळतं. सहा नंबर सेव्ह करा, प्रत्येकाला तारा लावा, मग Do Not Disturb मध्ये कॉलसाठी Starred contacts निवडा आणि ते कायम चालू ठेवा. Contacts निवडू नका. मुलगी उद्या कोणाचाही नंबर सेव्ह करेल, आणि तो आपोआप वाजायला लागेल. तिथेच Repeat callers नावाची सोय असते. एकच नंबर पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आला तर तो वाजू दिला जातो. मोठ्यांसाठी ते ठीक आहे, मुलीच्या फोनवर बंद करा, कारण चिवट माणूस दोनदा लावतोच. कंपनीप्रमाणे या नावांत थोडा फरक पडतो. कीपॅडचा फोन घेणार असाल तर यादीबाहेरचे सगळे फोन अडवता येतात का, ते पैसे देण्याआधी दुकानदाराला करून दाखवायला सांगा. पुष्कळ फोनांत फक्त एकेक नंबर अडवता येतो, आणि त्याचा इथे उपयोग नाही.

सगळं झालं की शेजाऱ्याच्या फोनवरून दोनदा लावून बघा. वाजला नाही पाहिजे. तरीही एक गोष्ट उरते. Do Not Disturb फोन कापत नाही, फक्त आवाज बंद करतं. मिस्ड कॉल दिसतोच, आणि मुलांना मिस्ड कॉल दिसला की हात शिवशिवतात. म्हणून पहिला नियम: जो नंबर नावाने दिसत नाही, त्याला उलट फोन लावायचा नाही.

दुसरा नियम चुकून उचललेल्या फोनचा. पलीकडचा म्हणतो, "बाळा, बाबांना लागलंय, आईनं मला पाठवलंय, खाली गेटवर ये." दहा वर्षांच्या मुलीने हे खरं की खोटं ते ठरवायचं? तिच्याकडून ती अपेक्षाच ठेवू नका. आज आईचा हुबेहूब आवाजसुद्धा काढता येतो. तिने एवढंच करायचं: काही न बोलता फोन कापायचा आणि यादीतल्या पहिल्या नंबरावर स्वतः लावायचा. आई नाही उचलत, बाबा. बाबा नाही, काकू. "आई घरी नाहीये" हे तीन शब्द तिच्या तोंडून जाऊ नयेत.

इथे आपलेच संस्कार आड येतात. मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडणं म्हणजे उद्धटपणा, हे आपणच शिकवलंय. त्यामुळे मुलगी ऐकत राहते, उत्तरं देत राहते. तिला स्पष्ट शब्दांत परवानगी द्या: फोनवर अनोळखी माणूस असेल तर तो कितीही गोड बोलो, कितीही रागावो, बाळा तू कापायचास. आणि हे नुसतं सांगून होत नाही. घरातल्या कोणी शेजारच्या खोलीतून दुसऱ्या फोनवरून खरंच लावा. ती सरावासाठी उचलेल, तुम्ही आवाज चढवा, आणि ती कापते का बघा. पहिल्या वेळी बहुतेक मुलं कापत नाहीत.

त्या नर्सबाईंच्या घरी पुढे काय झालं ते सांगतो, कारण मला स्वतःला त्यातून शिकायला मिळालं. एक दिवस आईच्या फोनची बॅटरी गेली. तिने वॉर्डातला फोन सोडून सहकारी बाईच्या मोबाइलवरून मुलीला लावला. वाजला नाही. पुन्हा लावला. मुलीच्या हातात तेव्हा फोन होता, तिने स्क्रीन बघून चुकून उचलला, "अगं मी आई" ऐकलं आणि कापला. मग आईला लावला, तो बंद. बाबांना लावला. सगळं शिकवल्याप्रमाणे. संध्याकाळी आई घरी येऊन तिच्यावर चिडली, "माझा आवाज कळत नाही का तुला?" त्यानंतर ती पोर प्रत्येक फोन उचलायला लागली. आई दुकानात आली ती हेच विचारायला, की सेटिंग बिघडलंय का.

सेटिंग ठीक होतं. नियम मोडला होता तो आपण मोठ्यांनी. म्हणून त्या यादीला आम्ही मोठ्यांसाठी एक ओळ जोडली: आपला फोन बंद असेल तर मुलीला लावायचाच नाही. आधी यादीतल्या दुसऱ्या माणसाला लावायचा, आणि त्याने मुलीला निरोप द्यायचा. काकूंचा फोन वाजतो, कारण काकूंना तारा आहे. आई आणि बाबा, दोघांनी काकूंचा आणि मावशीचा नंबर तोंडपाठ केला, कारण बंद फोनमधला नंबर काढता येत नाही. मुलीनेही आईचा आणि काकूंचा पाठ केला.

आणि त्या रात्री आईने मुलीला जवळ घेऊन सांगितलं, की तू फोन कापलास ते बरोबर केलंस, चुकले मी. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सराव केला. या वेळी "मी आई" म्हणणारा आवाज खरोखर आईचाच होता, शेजाऱ्यांच्या फोनवरून. पोरीने दोन सेकंदांत कापला आणि आईच्या खिशातला फोन वाजला.