6412 तास

(दृश्य: भर दुपार. पाइपलाइनच्या चरीच्या कडेला मशीन. मागची बकेट मातीने भरून सावकाश वर येते.)

ही बकेट बघा. सकाळी साडेआठला ती अशीच भरून झटकन वर येत होती. आता दोन वाजलेत. इंजिनाचा आवाज तोच, माती तीच, पण बूम उचलायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतोय.

सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या पुढे पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनचं हे काम. ठेकेदाराकडे मशीन एकच. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे बॅकहो लोडरला जेसीबीच म्हणतात. महिन्यापासून ऑपरेटर सांगतोय, "शेठ, जेवणानंतर मशीन दमतं." त्यावर शेजारच्या साइटवरून सल्ला आला की उन्हाळा आहे, 68 नंबर हायड्रॉलिक तेल टाका, दाट असतं, जोर येईल. बाभळीखाली उभा दिसतोय तो त्याच 68 चा बॅरल. अजून उघडलेला नाही.

(दृश्य: दोन पारदर्शक बाटल्या. दोन्हींत तेल ओततात.)

डावीकडे 46, उजवीकडे 68. हा आकडा म्हणजे 40 अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा, सेंटिस्टोक या मापात. तेल तापलं की तो झपाट्याने उतरतो. 40 अंशांना 46 असलेलं तेल 80 अंशांना जेमतेम 12 वर येतं, म्हणजे चौथाई. 68 तिथे सोळाच्या आसपास असतं. हा जो चारचा फरक आहे, त्याच्या भरवशावर बॅरल आणला गेला.

आता हेच 68 जानेवारीतल्या सकाळी बघा. पारा 12 अंशांवर असताना ते काकवीसारखं ओढतं. पंपाला ते टाकीतून खेचणं जड जातं, तेलात पोकळी धरू शकते, आणि मग स्टार्ट केल्या केल्या किंकाळीसारखा आवाज येतो. तो ऐकला तर ॲक्सिलरेटर सोडायचा. या मशीनच्या पुस्तकात, इथल्या हवामानासाठी, एचएलपी 46 लिहिलंय. एचएलपी म्हणजे पंपाची झीज रोखणारी रसायनं घातलेलं तेल. दुसऱ्या बनावटीच्या मशीनच्या पुस्तकात 68 असेल, तर तिथे 68 च बरोबर. नंबर ठरवायचा तो आपल्या मशीनच्या पुस्तकावरून.

मग दुपारी दम का जातो?

(दृश्य: पुढची जाळी उघडतात. कूलरवर मातीचा थर.)

हे कारण कॅमेऱ्यालाही दिसतंय. रेडिएटरच्या लगतच हायड्रॉलिक तेलाचा कूलर आहे. त्याच्या पापुद्र्यांत मुरूम आणि गवताच्या काड्या एवढ्या बसल्यात, की मागे टॉर्च धरला तर पुढे उजेड येत नाही. आम्ही टाकीचं तापमान घेतलं, 88 अंश. कॉम्प्रेसरची हवा मारली, पण पंख्याच्या बाजूने बाहेर. उलट बाजूने मारली तर धूळ आतच ठासली जाते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच कामावर तापमान 73 आलं. नवं तेल अजून पडायचंच होतं, तरी बूम निम्म्याहून जास्त सुधारला.

(दृश्य: अवर मीटर. 6412. मग टाकीच्या झाकणावर पुसट पेंट, 4390.)

राहिलेल्या सुस्तीचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. मागचं तेल 4390 तासांवर बदललं होतं. आज मीटर 6412 दाखवतोय. म्हणजे 2022 तास झाले. पुस्तकातली मुदत 2000 तास किंवा 2 वर्षं, जे आधी येईल ते. मशीन दिवसाला 6 तास आणि महिन्याला 25 दिवस चाललं, तर 2000 तास चौदाव्या महिन्यात भरतात. "गेल्या वर्षीच तर टाकलं" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण मीटर पुढे गेलेला असतो. टाकीत परतणारं तेल गाळणाऱ्या रिटर्न फिल्टरची मुदत तर 500 तास, म्हणजे सव्वातीन महिने. तो मधल्या काळात किती वेळा बदलला, याची नोंद कुठेच नाही. आणि पुढे ब्रेकर लावून खडक फोडायचा असेल, तर या मुदती बऱ्याच खाली येतात. ब्रेकर तेल जास्त तापवतो, आणि छिन्नीच्या बाजूने खडकाची धूळ तेलात शिरते.

(दृश्य: तेल काढणं, जवळून.)

मशीन सपाट जागेवर. लोडर खाली टेकवलेला, बूम-बकेट हलवणारे जॅक मिटवलेले, इंजिन बंद. झाकण हळूहळू सैल करायचं, आत दाब असतो आणि तेल गरम असतं. ड्रेन प्लग निघाला, आणि ही धार. एक बादली, दुसरी, तिसरी. साठ लिटर आलं, तेवढ्यावर थांबलं. बाकीचं जुनं तेल जॅकमध्ये, होजमध्ये, व्हॉल्व्हमध्ये राहतं, ते असं निघत नाही. म्हणून एकदा चुकीचा नंबर गेला की एका बदलात तो पूर्ण बाहेर येत नाही.

बादलीतलं तेल चहासारखं तपकिरी आहे, वासाला जळकं. हेल्परने त्याचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला. चर्र झालं. तेलात पाणी आहे. फार असतं तर रंग दुधाळ दिसला असता. हे थोडं आहे, पण आहे.

(दृश्य: जुना फिल्टर करवतीने कापतात. घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर.)

इथे थोडं थांबू. काळे रबरी तुकडे सीलचे. बारीक करडी पूड लोहचुंबकाला चिकटली, ते लोखंड. आणि या चुंबकाला न चिकटणाऱ्या सोनेरी चकत्या बहुतेक पंपाच्या आतल्या बुशच्या. दोन-चारच आहेत. मूठभर निघाल्या असत्या तर नवं तेल भरण्याआधी पंप उतरवावा लागला असता, आणि ते बिल लहान ठेकेदाराचा हंगाम खाऊन जातं.

पाणी कुठून आलं, तेही सापडलं. मागच्या तेलाचा उरलेला बॅरल शेडबाहेर उभा ठेवला होता. पावसात वरच्या चकतीवर पाणी साचतं, आणि रात्री बॅरल गार झाला की बुचाच्या आट्यांतून ते आत ओढलं जातं. त्याच बॅरलमधून वर्षभर टॉप-अप झालं. बॅरल आडवा ठेवायचा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, तेलाखाली.

(दृश्य: नवं तेल जाळीच्या नरसाळ्यातून टाकीत.)

46 चा नवा बॅरल. नरसाळं, पंप, बादली, सगळं आधी पुसून. नवा फिल्टर, टाकीत हवा आत-बाहेर सोडणारी नवी ब्रीदर. साइट ग्लासच्या खुणेपर्यंत तेल, मग इंजिन आयडलवर. एकेक जॅक सावकाश मागेपुढे, शेवटच्या टोकापर्यंत न नेता, म्हणजे अडकलेली हवा निघते. थोडा फेस येतो, बसतो. सगळे जॅक मिटवून पुन्हा लेव्हल बघितली, चार लिटर कमी होतं, ते भरलं. काढलेलं तेल शटरिंगच्या प्लेटांना लावायचं नाही, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गेलं.

(दृश्य: दुपारचे अडीच. बकेट वर येते.)

बाभळीखालचा 68 चा बॅरल सीलसकट दुकानात परत गेला.

ऑपरेटर पिवळ्या पेंटने झाकणावर लिहितोय. तेल 6412. त्याखाली, फिल्टर 6912. ब्रश धुण्याआधी त्याने शेवटची ओळ घातली, तेल 8412, आणि तिच्याखाली 46 लिहून त्याभोवती गोल काढला.