प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये: चालू प्रसंगातल्या आठवणीची जागा

मित्रहो, फ्लॅशबॅकच्या एकाच प्रकाराबद्दल मी आज बोलणार आहे. अख्खं प्रकरण भूतकाळात घडतं, तो वेगळा विषय आहे. माझा विषय आहे चालू प्रसंगाच्या मध्येच येणारी आठवण. माणसं समोरासमोर बसलेली आहेत, काहीतरी पणाला लागलेलं आहे आणि अशा वेळी पात्राला मागचं आठवतं. नव्या लेखकांच्या हस्तलिखितांत चांगला चाललेला प्रसंग बहुतेक वेळा नेमका इथेच बसकण मारतो.

एक प्रसंग घेऊ. वासंती आणि तिचा थोरला भाऊ एका सरकारी टेबलापाशी बसले आहेत. वडील वारले आहेत. घर भावाच्या नावावर करायला वडिलांची संमती होती, असं सांगणारा एक कागद भावानं आणलाय. अधिकारी त्यावर बोट ठेवून विचारतो, "ही सही तुमच्या वडिलांचीच ना?" वासंतीला आठवतं, की शेवटच्या काळात पक्षाघातामुळे वडिलांचा उजवा हात चालत नव्हता.

पहिल्या खर्ड्यात हा प्रसंग साधारण असा उतरतो: "वासंतीला ते दिवस आठवले." मग दीड पान. झटका आला ती रात्र, इस्पितळ, आईचं रडणं, हाताचे व्यायाम, डाव्या हातानं सही शिकणं. आणि मग, "'नाही,' वासंती म्हणाली." यातला प्रत्येक तपशील सुंदर असू शकतो, तरी प्रसंग मरतो, कारण दीड पानभर तो अधिकारी कागदावर बोट ठेवून तसाच बसलाय. वाचणाऱ्याच्या मनात प्रसंगाचं एक घड्याळ चालू असतं. विचारलेल्या प्रश्नावर माणूस किती वेळ गप्प राहू शकतो, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. ती मुदत उलटली की अधिकारी आणि भाऊ पुतळे होतात. मग "नाही" हा शब्द येतो, तेव्हा तो कशाचं उत्तर आहे हे बघायला वाचक मागं जातो. वाचक असा मागं गेला, तर आठवण लांबली हे नक्की समजावं.

पण कापाकापी करण्याआधी जागा बघायला हवी. आठवण प्रश्नाच्या आधी आली असती, तर ती नुसती माहिती झाली असती, कारण वाचकाला अजून काही जाणून घ्यायचंच नव्हतं. उत्तरानंतर आली असती, तर ती उत्तराचं स्पष्टीकरण झाली असती. प्रश्न पडलाय आणि उत्तर यायचंय, एवढ्याच फटीत प्रसंगाचा ताण आठवणीला सोबत ओढून नेतो. म्हणजे पहिल्या खर्ड्यातली जागा बरोबर होती, मापच चुकलं होतं. दुरुस्त केलेला प्रसंग असा लिहिता येईल:

"ही सही तुमच्या वडिलांचीच ना?"

वासंतीनं कागद जवळ ओढला. शेवटच्या अक्षराचा फराटा झोकात वर गेलेला. बाबांची सही अशीच असायची.

"सांग ना, वासू." दादानं पेन तिच्यापुढे सरकवलं.

आजारपणानंतर बाबा डाव्या हातात पेन धरायला शिकले होते. ती त्यांना वहीत रेघा आखून द्यायची. अक्षर रेघ सोडून खाली घसरायचं, मग ते पान फाडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. "हे माझं नाव वाटतं का गं?" एकदा त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली.

"मॅडम?" अधिकाऱ्यानं कागद स्वतःकडे वळवून घेतला होता.

"यावर तारीख काय आहे?" वासंतीनं विचारलं.

बघा, आठवणीचे दोन तुकडे झाले. पहिला एकाच वाक्याचा आहे आणि तो वाचकाला "हो"कडे ढकलतो. दुसरा त्याला उलट फिरवतो. दोन तुकड्यांच्या मध्ये दादा घाई करतो, त्यामुळे वर्तमान थांबलेलं नाही. दुसऱ्या तुकड्याला निमित्त पेनाचं मिळालं, आणि ते पेन दादानं स्वतःच्या गरजेपोटी पुढे केलंय. निमित्त असं प्रसंगातल्या कोणाच्या तरी कृतीतून आलेलं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. खिडकीबाहेरचा पाऊस बघून आठवण आली, की तिथे लेखकाचा हात दिसतो.

आता क्रियापदं ऐका. आठवणीत शिरताना "शिकले होते". हा "होते" वाचकाला काळ बदलल्याची खूण देतो, आणि ती एकदाच पुरते. पुढे "आखून द्यायची", "घसरायचं" ही सवयीची रूपं आली, आणि एका क्षणावर आल्यावर साधं "विचारलं", "म्हणाली". पहिल्या खर्ड्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी होता-होती-होते असतं, ते मोठ्यानं वाचून पाहा. पाचव्या वाक्याला जीभ जड होते. कथा वर्तमानकाळात चालली असेल, तर साधा भूतकाळच खूण म्हणून पुरतो.

बाहेर पडताना "वासंती भानावर आली" असं लिहायची गरज पडली नाही. दुसऱ्याच्या आवाजानं तिला परत आणलं. अधिकाऱ्यानं कागद "वळवून घेतला होता", म्हणजे आपण आठवणीत असताना टेबलापाशी काहीतरी घडून गेलं. परतल्यावर जग किंचित पुढे सरकलेलं दिसायला हवं. निघालो तेव्हाचीच स्थिती जशीच्या तशी सापडली, तर आठवणीनं प्रसंग गोठवला होता हे उघड होतं.

तपासायची माझी रीत अशी. आधी आठवणीच्या ओळी झाकायच्या आणि फक्त वर्तमानाच्या ओळी वाचायच्या. प्रश्न, दादाची घाई, अधिकाऱ्याची अधीरता, तारखेची चौकशी. ताण चढतो का? चढतो. आता उलट बघायचं: आठवण नसताना तारखेचा प्रश्न समजतो का? नाही, तो अचानक आलेला वाटतो. आठवणीनं वासंतीच्या तोंडचं पुढचं वाक्य बदललंय. आठवण काढूनही पुढचं वाक्य तसंच उभं राहत असेल, तर ती कितीही हळवी असली तरी या जागी नको.

मग ती झटक्याची रात्र, आईचं रडणं? लेखकाला सर्वांत प्रिय असतं ते नेमकं हेच, आणि ते फेकून द्या असं मी म्हणणार नाही. सहीचा निकाल लागल्यावर वासंती कचेरीच्या जिन्यात एकटी बसेल, तेव्हा तिच्या उत्तराची कोणी वाट बघत नसेल. तिथे दीड पान सहज मावेल. शिवाय आपल्या उत्तरानं दादाचं काय होणार हे तेव्हा तिला कळलेलं असेल, त्यामुळे ती रात्रही तिला वेगळी आठवेल. पाठलाग किंवा झटापट चालू असेल, तर मात्र याहूनही हात आखडावा लागतो. तिथे दुसऱ्या तुकड्याएवढी आठवणसुद्धा जड होते. अर्धं वाक्य, फार तर एखादा स्पर्श किंवा आवाज, आणि लगेच पुढची हालचाल.