विडंबनाची किल्ली पुस्तकातच असते

मंडळी, जुन्या कादंबऱ्यांची नक्कल करणारी कादंबरी हातात आली की पुष्कळ वाचक आधीच दबकतात. ज्यांची नक्कल केली ती पुस्तकं आपण वाचलेली नाहीत, मग गंमत कशी कळणार, असं त्यांना वाटतं. ही भीती किती खरी आहे, ते मी आज एकाच कादंबरीवरून सांगणार आहे: जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर ॲबी’. ती डिसेंबर 1817 मध्ये, लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिचं लक्ष्य होतं इंग्लंडमध्ये त्याआधी वीसेक वर्षं गाजत असलेली गॉथिक कादंबरी. पडके किल्ले, कोंडलेल्या मुली, क्रूर सरदार, भिंतीतले चोरदरवाजे असा तिचा सगळा थाट.

पहिलंच पान बघा. नायिका कॅथरीन मोरलँड. तिचे वडील पाद्री आहेत आणि मुलींना कोंडून ठेवण्याची त्यांना मुळीच सवय नाही. आई बाळंतपणात मेली नाही, उलट कॅथरीननंतर तिला आणखी सहा मुलं झाली. आता कुठला बाप मुलींना कोंडत होता, कुठल्या आया मरत होत्या, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. तरी कळतं! लेखिका जे जे ‘नव्हतं’ म्हणून सांगते, ते ते त्या जुन्या कादंबऱ्यांत हमखास होतं. म्हणून अशा पुस्तकात विनाकारण आलेला नकार दिसला की तिथे थांबावं. न वाचलेल्या पुस्तकांचा नकाशा त्या नकारांतून तयार होत जातो.

पण खरी कारागिरी विसाव्या आणि एकविसाव्या प्रकरणांत आहे. कॅथरीनला आवडणारा तरुण हेन्री टिल्नी तिला घोडागाडीतून आपल्या घरी, म्हणजे त्या ॲबीत, पूर्वी मठ असलेल्या जुन्या वाड्यात घेऊन चालला आहे. वाटेत तो तिला थट्टेनं एक गोष्ट रचून सांगतो. तुला एका दूरच्या, अंधाऱ्या खोलीत झोपवतील. वादळ होईल. आबनूस आणि सोन्याचं जुनं कपाट दिसेल, त्यात एका दुःखी स्त्रीचं हस्तलिखित सापडेल आणि नेमका त्याच क्षणी दिवा विझेल. संपूर्ण गॉथिक कादंबरी दोन पानांत! ज्यानं या प्रकारातलं एकही पुस्तक पाहिलेलं नाही, त्याची तयारी लेखिकेनं इथे स्वतःच करून घेतली आहे.

मग रात्र येते. वादळ खरंच होतं. खोलीत आधी एक पेटी दिसते. आत नीट घडी घातलेली पांढरी सुती चादर. पुढे कपाटही दिसतं, पण आबनूस आणि सोन्याचं नव्हे, काळ्या-पिवळ्या रोगणाचं. आत कागदांची गुंडाळी सापडते. कॅथरीन मेणबत्तीची काजळी काढायला जाते आणि मेणबत्तीच विझते. ही पानं लेखिकेनं खरोखर भीती वाटेल अशी लिहिली आहेत, वाऱ्याचे आवाज, पावलांची चाहूल, सगळं. इथे ती त्या शैलीची चेष्टा करत नाही, ती शैली मनापासून वापरते. सकाळी कागद उघडले तर निघते धोब्याची यादी: शर्ट, मोजे, गळपट्टे. सोबत घोडीला लावलेल्या पोटिसाचं बिल. शैली उंच जाते आणि वस्तू घरगुती निघते. हे अंतर जाणवलं की विडंबन पोचलं.

न वाचल्यामुळे काहीच हुकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. कॅथरीन ॲन रॅडक्लिफची 1794 सालची गॉथिक कादंबरी ‘उडोल्फो’ वाचत असते आणि तिच्यातल्या काळ्या पडद्यामागे काय असेल या विचारानं झपाटलेली असते. ऑस्टिन उत्तर देत नाही. ‘उडोल्फो’त ते अगदी शेवटाकडे मिळतं: पडद्यामागे मेणाचा पुतळा असतो. म्हणजे भीती चढवायची आणि मग साधं कारण द्यायचं, ही रीत रॅडक्लिफचीच. धोब्याची यादी त्याच रीतीचं धाकटं रूप आहे. हे कळलं की नकलेतला आदर दिसतो. पण ‘उडोल्फो’ नंतर वाचली तरी चालते. ‘नॉर्थँगर ॲबी’तच कॅथरीनची मैत्रीण इझाबेला सात भयानक कादंबऱ्यांची यादी देते. ती नावं लेखिकेनं कल्पनेनं रचली असावीत, असा समज बराच काळ होता. 1920 च्या दशकात जुन्या पुस्तकांचे इंग्रज अभ्यासक मायकेल सॅडलियर यांनी या विषयावर लिहिलं आणि ती सातही पुस्तकं खरी असल्याचं नीट पुढे आलं. त्याआधीच्या वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी ती यादी वाचून आनंदच घेतला होता.

एक धोका मात्र सांगायला हवा. सगळं थट्टेवारी नेलं की शेवट हातून निसटतो. हेन्रीचे वडील, जनरल टिल्नी, यांनी बायकोला मारलं किंवा कोंडलं असावं, असा कॅथरीनचा संशय असतो. तो खोटा ठरतो, हेन्री तिला खडसावतो, ती शरमेनं रडते. वाटतं, गॉथिक कादंबरीचा निकाल लागला. पण थोड्याच दिवसांत हाच जनरल, ती समजलो तेवढी श्रीमंत नाही एवढ्यावरून, तिला भल्या सकाळी घराबाहेर काढतो. सत्तर मैलांचा प्रवास, सोबत कुणी नाही, वाटखर्चाला हेन्रीच्या बहिणीनं दिलेले पैसे. आणि पुढे खरं कारण कळल्यावर कॅथरीनला वाटतं, आपण या माणसावर संशय घेतला त्यात त्याच्यावर फारसा अन्याय केला नव्हता.