शेळी पहिली का जाते

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे. आज लांडगा, शेळी आणि कोबीचं कोडं घेऊन आलोय. आपल्याकडे बऱ्याच जणांनी हेच वाघ, शेळी आणि गवताचा भारा असं ऐकलेलं असतं, पण मी लांडगा-कोबीवालंच सांगतो, कारण जुन्या लॅटिन संग्रहात ते तसंच आहे. तो संग्रह अल्क्विनच्या नावावर सांगतात, म्हणजे शार्लमेन राजाच्या दरबारातला शिक्षक, जो 804 साली वारला.

तर एक माणूस नदीकाठी उभा आहे, होडी छोटी, त्यात तो स्वतः आणि एकच वस्तू मावते. माणूस जवळ नसेल तर लांडगा शेळीला खातो आणि शेळी कोबी खाते, आणि तिघांनाही धड पलीकडे न्यायचंय.

आता हात लावायच्या आधी जरा थांबा आणि मागे काय उरतं ते बघा. आपण बघतो होडीत कोण बसलं, पण भानगड होते ती काठावर. लांडगा नेला तर मागे शेळी आणि कोबी, संपलं. कोबी नेला तर मागे लांडगा आणि शेळी, तेही संपलं. रिकामाच गेला तर तिघं एकत्र, मग काय बोलायलाच नको. राहिली शेळी, आणि लांडग्याला कोबीशी काही घेणंदेणं नाही. म्हणजे पहिली खेप शेळीचीच, इथे ऑप्शनच नाही. दुसरी पण ठरलेली, शेळी पलीकडे ठेवून रिकामं परत यायचं, कारण तिला परत आणली तर आपण जिथून निघालो तिथेच येतो.

तिसऱ्या खेपेला मात्र खरंखुरं स्वातंत्र्य मिळतं, लांडगा न्या नाहीतर कोबी न्या, दोन्ही चालतं. आणि गंमत म्हणजे लोक अडकतात ते इथे नाही, याच्या पुढच्या पायरीला.

माझ्या पुतणीला मी हे ओट्यावर मांडून दिलं होतं, मधे ओला नॅपकिन म्हणजे नदी, काडेपेटी लांडगा, वाटाणा शेळी आणि कोबीचं एक पान. तिने शेळी नेली, रिकामी आली, काडेपेटी नेली, आणि मग बोट तसंच रिकामं परत आणायला निघाली, आणि अर्ध्या नॅपकिनवर थांबली. मागे काडेपेटी आणि वाटाणा शेजारी शेजारी. मग काडेपेटी परत आणली, पान नेलं, तरी तेच, आता वाटाण्याशेजारी पान. "काका, हे होतच नाही," म्हणाली. खरं तर तिसरा ऑप्शन समोर होता, वाटाणाच परत आणायचा, पण एकदा पलीकडे पोचलेलं परत आणायचं हे मनाला पटतच नाही, असं वाटतं आपण मागे चाललोय.

पण ती मागची खेप टाळता येते का बघा ना. काहीच परत आणायचं नाही असं ठरवलं तर तीन वस्तूंना तीन खेपा जायच्या आणि दोन रिकाम्या यायच्या, एकूण पाच. पहिली शेळीच, मग दुसरी वस्तू कुठलीही न्या, रिकामं परत येताना ती शेळीबरोबर एकटी राहणार. म्हणजे पाचात होऊच शकत नाही. काहीतरी एकदा परत आणावंच लागतं, मग जायच्या चार आणि यायच्या तीन, झाल्या सात, त्याहून कमी नाहीच.

तर चौथ्या खेपेला शेळी परत, पाचव्याला तिला अलीकडे ठेवून उरलेला कोबी पलीकडे, आता तिकडे लांडगा आणि कोबी, दोघं एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत, सहाव्याला रिकामं परत, सातव्याला शेळी. सहाव्या वेळी लांडगा परत आणला तरी कोणी मरत नाही, नियम मोडत नाही, फक्त उगाच लांबचा फेरा पडतो, म्हणून आपण तिकडे जात नाही.

शेवटची खेप शेळीचीच का, हे मला सगळ्यात जास्त आवडतं. पूर्ण खेळाचा व्हिडिओ उलटा चालवा, लोक पलीकडून अलीकडे येतायत असं दिसेल, पण नियम तेच. मग उलट्या व्हिडिओची पहिली खेप शेळीचीच असणार, म्हणजे सुलट्यातली शेवटची. तिसऱ्या खेपेला निवड एकदाच, म्हणून सात खेपांची उत्तरं बरोबर दोनच, लांडगा आधी किंवा कोबी आधी.

आणि हे सगळं जमतं कारण दोन्ही भांडणांमध्ये शेळी आहे, तिला एकटीला होडीत घेतली की उरलेले शांत. समजा लांडगाही कोबी खायला लागला, तर शेळी नेली तरी मागे भांडण, कोणालाही न्या, उरलेले दोघं भांडणारच, आणि माणसाला पहिली खेपसुद्धा करता येणार नाही. पुतणीला तेही सांगितलं, तर तिने सगळं तसंच काठावर ठेवलं आणि विचारलं, "मग मोठी होडी घेतली तर?"

दोन वस्तू मावणारी होडी असेल तर होतं, ते आज रात्री तुम्ही ओट्यावर करून बघा.