डबे मावशी कशी सापडली

बालकथांच्या ध्वनिमालिकेत गोष्ट सांगणारीचं नाव ठरवायला बसलं की मोठी माणसं आधी अर्थ शोधतात. पुण्यात तर विचारूच नका, कुणीतरी संस्कृत कोश काढतंच. आमच्यापुढेही पहिलं नाव आलं ते ‘कथाप्रिया मावशी’. कागदावर देखणं, पण चार वर्षांचं मूल ते ‘कतापिया’ म्हणतं. जोडाक्षरं आणि र मुलांच्या जिभेवर उशिरा बसतात. ट, ड, ब, म लवकर येतात. बोबडं उच्चारलं तरी ओळखू येईल, असं नाव हवं.

दुसरं नाव होतं ‘गोष्टीवाला काका’. हे वाक्यात घालून पाहा. गोष्टीवाल्या काकाची, गोष्टीवाल्या काकाने. विभक्ती लागली की ‘वाला’चा ‘वाल्या’ होतो, म्हणजे मुलाला एकाच माणसाची दोन रूपं ऐकू येतात. ‘ढब्बू आजी’ सगळ्यांना आवडलं होतं. मी ते काढायला लावलं, कारण दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एखाद्या जाड मुलीला तेच चिकटलं असतं.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आठवत असतील. मालिका मोठ्यांची, पण नावाची घडण बघा: एक ठसठशीत आडनाव आणि पुढे नातं. नात्यामुळे हाक मारता येते. त्याच घडणीवर आम्ही ‘डबे मावशी’ केली. गोष्टी स्टीलच्या डब्यात ठेवणारी बाई. झाकण उघडल्याचा ‘टक्’ आधी, मग ‘कोण आलंय? डबे मावशी!’ आणि लगेच गोष्ट. स्वयंपाकघरात डबा असतोच, त्यामुळे नक्कल करायला मुलाला वेगळं काही आणावं लागत नाही.

ध्वनिमुद्रणात एक अडचण आली. तोंड माईकच्या अगदी समोर असलं की ‘डबे’तल्या ब ला हवेचा फटका बसून ‘धप्’ ऐकू येतं. प, फ, भ तर याहून वाईट. माईक तोंडाच्या किंचित बाजूला घेतला, मध्ये जाळी लावली, भागलं. झाकणाचा आवाज मात्र वेगळा मुद्रित करून जोडा. बोलता बोलता वाजवलात तर तो नावावरच पडतो.

आता पारख. एक भाग ऐकवा आणि त्या दिवशी काहीच विचारू नका. ‘आवडलं का?’ला मुलं हो म्हणतातच. दुसऱ्या दिवशी विचारा, ‘काल गोष्ट कोण सांगत होतं?’ ‘डबेवाली’ असं उत्तर आलं तर चित्र पोचलं, नातं निसटलं. मग गोष्टीतल्या पात्रांकडूनच ‘अगं मावशी’ अशी हाक दोन-तीनदा मारून घ्यायची. नुसतं ‘ती बाई’ म्हणालं, तर नाव बदला. आणि काही न सांगता मूल स्वयंपाकघरात जाऊन झाकण वाजवू लागलं, तर पुढचे भाग लिहायला घ्या.